कावीळ नाही म्हणून थांबू नका: लिव्हर प्रत्यारोपणाच्या तपासणीआधी होणाऱ्या चुका

समजा, डोंबिवलीतले ५२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. लिव्हर कायमचं कडक होत जाणारा सिरॉसिस होऊन दोन वर्षं झाली. गेल्या चार महिन्यांत पाचव्यांदा ते पोटातलं पाणी काढून घ्यायला जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल झाले आहेत. दर वेळी सहा-सात लिटर पाणी निघतं, दोन दिवस हलकं वाटतं, तिसऱ्या आठवड्यात पोट पुन्हा भरतं. कावीळ किती ते दाखवणारं बिलिरुबिन २.४ आहे, डोळे जेमतेम पिवळट. फाइलवर कुणीतरी ‘मेल्ड १६’ असं लिहून ठेवलंय; लिव्हरचा आजार किती गंभीर आहे ते सांगणारे हे गुण. घरच्यांचं म्हणणं, कावीळ वाढली की मग परळला नाहीतर अंधेरीला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ.

इथेच चुकतं. पोटात पाणी साठतं ते लिव्हरमधून जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढल्यामुळे आणि किडनी शरीरात मीठ धरून ठेवू लागल्यामुळे. बिलिरुबिन बाहेर टाकायचं काम त्या वेळी बऱ्यापैकी चालू असू शकतं. म्हणजे डोळे पांढरे आहेत यावरून पोटातल्या पाण्याचा धोका कळत नाही. गुंतागुंत नसलेल्या सिरॉसिसमध्ये माणूस दहा-बारा वर्षंही काढतो. पाणी साठणं, रक्ताची उलटी किंवा अमोनियामुळे येणारा डोक्याचा गोंधळ, यांपैकी काहीही एकदा सुरू झालं की सरासरी आयुष्य सुमारे दोन वर्षांवर येतं. म्हणून प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवायची वेळ म्हणजे यांतली पहिली घटना, किंवा मेल्ड १५ च्या पुढे जाणं, जे आधी होईल ते. औषधांनी पाणी आटेनासं झालं, पाण्यात जंतुसंसर्ग झाला किंवा किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढू लागलं, तर त्याच आठवड्यात जावं. पाठवलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नसतं. पुष्कळ जणांना तपासून ‘अजून थांबा, तीन महिन्यांनी या’ असंच सांगतात.

पाणी काढण्यातली एक गोष्ट घरच्यांनीही पाहावी. पाच लिटरच्या वर पाणी काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण ८ ग्रॅम अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन शिरेतून द्यावं लागतं. सहा लिटरला ४८ ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या जवळपास अडीच बाटल्या. बाटली महाग असते, म्हणून ‘या वेळी एकच देऊ’ असं होतं. मग दोन-तीन दिवसांनी लघवी कमी होते आणि क्रिएटिनिन ०.९ वरून १.८ वर जातं. काढलेल्या पाण्याची पेशींची तपासणीही दर वेळी व्हायला हवी. न्यूट्रोफिल पेशी दर घनमिलिमीटरला २५० च्या वर असतील तर ताप नसला तरी तो संसर्गच.

आता ते १६. साध्या मेल्डमध्ये तीनच आकडे असतात: बिलिरुबिन, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर आणि क्रिएटिनिन. आपल्या रुग्णाचं बिलिरुबिन २.४, आयएनआर १.६, क्रिएटिनिन १.१, म्हणून उत्तर १६ येतं. पण त्याच रिपोर्टच्या खालच्या ओळीत सोडियम १२८ लिहिलंय आणि ते कुणी धरलंच नाही. ते धरायचं सूत्र असं:

```
MELD    = 3.78×ln(bilirubin) + 11.2×ln(INR) + 9.57×ln(creatinine) + 6.43
MELD-Na = MELD + 1.32×(137−Na) − 0.033×MELD×(137−Na)

16 + 11.88 − 4.75 = 23
```

माणूस तोच, रक्त तेच, पण गुण १६ चे २३ झाले. ज्याच्या पोटात वारंवार पाणी होतं त्याचं सोडियम बहुधा उतरलेलंच असतं, त्यामुळे सोडियम गाळलेला मेल्ड नेमका त्यालाच ‘बरा’ दाखवतो. सूत्रात १३७ च्या वरचं सोडियम १३७ आणि १२५ च्या खालचं १२५ धरतात. बाकीचे तीन आकडे १ पेक्षा कमी असतील तर १ धरतात.

आकडे घेतानाही घोळ होतात. बिलिरुबिन मागच्या महिन्याचं, सोडियम कालचं, असं जोडून केलेल्या हिशेबाला अर्थ नाही. चारही एकाच दिवशीच्या रक्ताचे हवेत. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयएनआर औषधानेच वाढलेला असतो, ते आधी सांगा. क्रिएटिनिन तर स्नायूंतून येतं. हातापायांच्या काड्या झालेल्या माणसाचं १.१ हे धडधाकट माणसाच्या १.१ सारखं नसतं, किडनी त्याहून थकलेली असू शकते. बायकांमध्ये हा फरक जास्त पडतो, म्हणून अमेरिकेत २०२३ पासून वापरात असलेल्या ‘मेल्ड ३.०’ मध्ये स्त्रियांना वेगळे गुण आणि अल्ब्युमिन दोन्ही धरले आहेत. एवढं करूनही मेल्डला पोटातलं पाणी दिसत नाही की रात्रीचा गोंधळ दिसत नाही. आकडा कमी आला म्हणून तपासणी पुढे ढकलू नये, एवढं आम्ही आग्रहाने सांगू.

केंद्रातल्या तपासणीला सहसा चार-सहा दिवस लागतात. तिथे तीन प्रश्नांची उत्तरं शोधतात. एवढं मोठं ऑपरेशन हृदय आणि फुफ्फुसं झेपवतील का? यासाठी टू-डी इको, हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी आणि फुफ्फुसांतला रक्तदाब पाहतात. नवं लिव्हर जोडायला रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत का, आणि लिव्हरमध्ये गाठ आहे का? हे तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनमध्ये कळतं. तिसरा प्रश्न, ऑपरेशननंतर प्रतिकारशक्ती दाबली की उसळेल असा संसर्ग कुठे दडलाय का? आपल्याकडे यात टीबी सगळ्यात आधी, आणि किडलेली दाढसुद्धा यातच येते. ठाण्याहून रोज लोकलने ये-जा करून दात दाखवायचा राहिला आणि त्यासाठी पुढचं सगळं पंधरा दिवस लटकलं, असं होऊ देऊ नका. आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवकही भेटतात.

दारूबद्दल खरं सांगा. लपवलेलं रक्ताच्या तपासणीत उघड होऊ शकतं, आणि मग टीमचा विश्वास जातो. ‘सहा महिने सोडा, मग या’ हे ऐकून घरी बसणंही चूकच. दारू सोडण्याचे उपचार आणि प्रत्यारोपणाची तपासणी बरोबरीने चालू शकतात. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणं मात्र लगेच बंद. या अवस्थेत त्या गोळ्या किडनी निकामी करू शकतात. आणि ‘लिव्हर खराब आहे, डाळ-अंडी बंद’ हा सल्ला मानू नका. कोरड्या वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि रात्री झोपण्याआधी थोडं खाणं हवंच.

कोरडं वजन म्हणजे पाण्याशिवायचं वजन. लिव्हरचा भाग देणारा दाता पाहतानाही रुग्णाचं तेच वजन धरतात. काट्यावर ७८ किलो दिसले, त्यातलं आठ लिटर पाणी वजा केलं की ७०. साधारणपणे वजनाच्या ०.८ टक्के लिव्हर लागतं, म्हणजे ५६० ग्रॅम, आणि दात्याकडे त्याच्या लिव्हरचा किमान ३० टक्के भाग उरायला हवा. म्हणून रक्तगट जुळला म्हणजे दाता ठरला, असं समजू नका. मुलगा तयार असतो, पण सीटीमध्ये त्याचंच लिव्हर फॅटी निघतं. पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. जावई, दीर किंवा भाचा देणार असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते, तिला वेळ लागतो. घरातला दाता तपासत असतानाच रुग्णालयामार्फत मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालून घ्या. ही नोंद स्वतः जाऊन करता येत नाही आणि घरचा दाता मिळेपर्यंत ती थांबवायचं कारण नाही.