ऑनलाइन रमीत गुण कमी कसे खावेत : मोठी पाने कधी टाकावीत, ड्रॉप कधी घ्यावा

तेरा पानांची रमी खेळताना बहुतेकांचे सगळे लक्ष डाव लावण्याकडे असते. पण 101 पूलमध्ये, म्हणजे ज्याचे गुण 101 होतील तो बाद अशा खेळात, टेबलावर शेवटपर्यंत टिकतो तो हरलेल्या डावांत कमी गुण खाणारा. चार-पाच जण खेळत असतील तर बहुतेक डाव दुसराच कोणीतरी लावणार. म्हणून इथे फक्त हरणाऱ्या डावांचा विचार केला आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीवर देशभर बंदी आली, तेव्हा पुढचे सगळे फुकटच्या चिप्सवर चालणाऱ्या टेबलांपुरते समजावे.

आधी मोजणी पक्की करा

एक्का, राजा, राणी आणि गुलाम यांचे प्रत्येकी 10 गुण, आकड्यांच्या पानांचे आकड्याइतके आणि जोकरचे शून्य. एका डावात जास्तीत जास्त 80. पहिले पान उचलण्याआधी सोडले तर 20 (फर्स्ट ड्रॉप), त्यानंतर सोडले तर 40 (मिडल ड्रॉप). हे आकडे 101 पूलचे. 201 पूलमध्ये ते 25 आणि 50 होतात.

खरा घोटाळा होतो तो पुढच्या नियमात. हातात प्युअर सिक्वेन्स, म्हणजे जोकर न वापरता लागलेली सलग पाने, नसेल तर हातातले प्रत्येक पान मोजले जाते. तीन राजांचा सेट लागलेला असला तरी त्याचे 30 गुण बसतात. प्युअर लागली की तेवढीच पाने वजा होतात. दुसरी सिक्वेन्स लागल्यावर मगच सेट धरले जातात. म्हणजे प्युअर नसताना राजांची जोडी सांभाळणे म्हणजे 20 गुण उराशी धरून बसणे.

पाने हातात आल्यावर : खेळायचे की सोडायचे

पाने रंगाप्रमाणे लावा आणि दोनच गोष्टी पाहा. प्युअर लागलेली आहे का? नसेल, तर दोन्ही बाजूंनी उघड्या किती जोड्या आहेत? बदाम 7-8 ही उघडी जोडी, कारण तिला 6 किंवा 9 यांपैकी काहीही चालते. खेळात दोन जोड असल्याने ही चार पाने झाली. बदाम 7-9 ला मात्र फक्त अठ्ठी लागते, म्हणजे दोनच पाने.

प्युअर हातातच असेल तर खेळा. नसेल, तर एक जोकर आणि निदान दोन उघड्या जोड्या असल्या तरच बसा. जोकर नाही आणि उघडी जोडी एखादीच, असा हात 20 देऊन सोडलेला बरा. दोन जोकर आले म्हणून हुरळून जाणारे पुष्कळ असतात, पण जोकर प्युअरच्या कामाचा नाही. दोन जोकर आणि बाकी सगळी विस्कळीत पाने हा दिसायला चांगला आणि खेळायला वाईट हात आहे.

20 गुण जड वाटतात तेव्हा हा हिशेब करून पाहा. पूलमध्ये डाव जिंकला तर तुम्हाला शून्य, हरला तर समजा सरासरी 50. मग पाचपैकी तीन डाव जिंकलात तरी सरासरी 20 च पडते. विस्कळीत हाताने पाचपैकी तीन डाव कोणी जिंकत नाही. तेच, हातात प्युअर असल्यामुळे हरल्यावरही 30 च्या आत सुटणार असाल, तर तीनपैकी एक डाव जिंकला तरी खेळणे परवडते.

मोठी पाने कोणत्या क्रमाने टाकायची

राजा आणि एक्का सर्वांत महाग आहेतच, शिवाय जुळायलाही अवघड. सत्ती 5-6-7, 6-7-8 आणि 7-8-9 अशा तीन जुळण्यांत बसते. राजा मात्र गुलाम-राणी-राजा आणि राणी-राजा-एक्का या दोनच ठिकाणी. एक्क्यालाही दोनच जागा, एक राजा-राणीकडची आणि एक दुर्री-तिर्रीकडची. दुर्रीचीही तीच गत आहे, पण ती हातात राहिली तर दोनच गुण जातात.

म्हणून पहिल्यांदा एकटा एक्का किंवा एकटा राजा. मग एकटी राणी, गुलाम, दश्शी. त्यानंतर राजा-गुलामसारखी मध्ये भोक असलेली जोडी, मग दोन रंगांचे दोन राजे. एकाच रंगाची राजा-राणी शेवटी ठेवायची, तीही दोन-तीन खेप्यांपुरती.

हे लवकर करण्याचे आणखी एक कारण आहे. पहिल्या दोन खेप्यांत समोरच्यांचे हातही विस्कळीत असतात, त्यामुळे तुमचा राजा उचलून त्यांचा लगेच फायदा होण्याची शक्यता कमी. आठव्या खेप्याला तोच राजा टाकलात तर कोणी त्याचीच वाट पाहत बसलेला असू शकतो. टाकलेल्या पानांची यादी उघडता येत असेल तर ती बघा. इस्पिकच्या दोन्ही राण्या गेलेल्या दिसल्या तर इस्पिक राजाची प्युअर सिक्वेन्स कोणाचीच होणार नाही. तो टाकायला बराच सुरक्षित, फक्त राजांच्या सेटची किंवा जोकर लावून केलेल्या सिक्वेन्सची शंका उरते.

एक हात खेळून पाहू

उघडलेला जोकर तिर्री. तुमच्या हातात बदाम 7, 8, 2. चौकट 5, 6 आणि एक्का. इस्पिक राजा, राणी, 9 आणि तिर्री. किलवर राजा, 10, 4. इस्पिक तिर्री हा जोकर. बाकीची बेरीज 91, म्हणजे आत्ताच कोणी डाव लावला तर पूर्ण 80.

सोडायचा का? बदाम 7-8, चौकट 5-6 आणि इस्पिक राजा-राणी अशा तीन उघड्या जोड्या आहेत, वर एक जोकर. दोन जोड आणि दोन छापील जोकर मिळून 106 पाने. तुमची तेरा, उघडलेला जोकर आणि ओपन डेकचे एक पान सोडले तर 91 न दिसलेली, आणि त्यांतली 12 पाने तुमची प्युअर लावून देतात (ओपन डेकवरचे पान त्यांतले नाही असे धरून). बंद डेकमधून चार पाने उचललीत तर त्यांतले एखादे मिळण्याची शक्यता सुमारे 44 टक्के, शिवाय समोरच्याने टाकलेले पान मिळण्याची आशा. हा हात खेळायचा.

पहिल्या खेप्याला चौकट 9 आली. टाका चौकट एक्का. बेरीज 90. फारशी हललेली नाही, पण ती हलायला एखादा खेपा लागतोच.

दुसऱ्या खेप्याला बदाम 9. प्युअर लागली. टाका किलवर 10. आता बदामचे 24 वजा झाले आणि जोकर न लावता उरले 65, इस्पिक राजा-राणीला लावला तर 45.

तिसऱ्याला किलवर 2. टाका किलवर राजा. जोकर न लावता उरले 57, राजा-राणीला लावला तर 37. इथे हात अडतो, कारण दोन राजे आणि जोकर मिळून सेट दिसतो. पण दुसरी सिक्वेन्स लागेपर्यंत त्या सेटची किंमत शून्य आहे आणि गुण मात्र 20.

चौथ्याला चौकट 7. 5-6-7 लागली, आता सेट धरले जातील. चौकट 9, इस्पिक 9 आणि जोकर यांचा सेट होतो. इस्पिक राजा टाका. उरली राणी, किलवर 4 आणि 2, बदाम 2, मिळून 18. या क्षणी समोरच्याने डाव लावला तरी फर्स्ट ड्रॉपपेक्षा दोन गुण कमीच पडतील. पुढच्या खेप्याला राणी गेली की 8 आणि वर नवे पान.

आता याच हातात जोकराऐवजी इस्पिक दुर्री आणि चौकट छक्कीऐवजी किलवर सत्ती आहे असे धरा. दोन उघड्या जोड्या राहतात, त्यांतली एक राजा-राणीची, आणि जोकर नाही. हा हात पान न उचलता सोडायचा.

मिडल ड्रॉप

खेळायला बसलात आणि तिसऱ्या-चौथ्या खेप्यापर्यंत प्युअर आली नाही, तर पान उचलण्याआधी बेरीज करा. 40 च्या खाली असेल तर मिडल ड्रॉपला अर्थच नाही, कारण हरून त्याहून कमी पडतील. बेरीज 60 च्या वर आहे आणि समोरचा ओपन डेकमधून पाने उचलू लागला आहे, तर सोडा. ओपनमधून उचललेले पान बहुधा कुठेतरी लागलेले असते, आणि तशी दोन पाने उचलणारा डाव लावण्याच्या जवळ आहे असे धरायला हरकत नाही. 40 ते 60 च्या मध्ये असाल तर हातात अजून टाकायला मोठी पाने किती आहेत ते बघा. तीन असतील तर दोन खेप्यांत बेरीज पुष्कळ उतरू शकते.

बेरीज मधल्या पानांची असेल, म्हणजे सगळी 8, 9 अशीच पाने राहिली असतील, तर ती उतरायला वेळ लागतो. तिथे थांबू नये.

पूलच्या धावसंख्येचा अडसर

101 झाले की बाद. म्हणून 80 वर फर्स्ट ड्रॉप घेता येतो, 100 होतात. 81 वर नाही. मिडल ड्रॉपची तीच रेषा 60 वर. 81 किंवा अधिक झाल्यावर ड्रॉपचे बटण दाबणे म्हणजे खेळ सोडणे, तेव्हा कितीही वाईट हात आला तरी खेळा आणि मोठी पाने पहिल्या खेप्यापासून काढा. 61 ते 80 च्या मध्ये असताना मात्र फर्स्ट ड्रॉप जरा सढळपणे घ्यावा, कारण तिथे मिडल ड्रॉपची सोय राहत नाही.

शेवटच्या दोन चुका

समोरच्याने डाव लावला की तुम्हाला पाने मांडायला थोडा वेळ मिळतो. त्या वेळात सिक्वेन्स आणि सेट स्वतः गटांत लावा. वरच्या हातात जोकर दोन नव्व्यांशेजारी न ठेवता भलत्याच गटात राहिला, तर 18 चे 36 होतात.

दुसरी चूक नेटची. बहुतेक टेबलांवर सलग तीन खेपे चुकले की आपोआप मिडल ड्रॉप होतो. नेट डळमळीत असेल आणि हातही साधारणच असेल, तर पहिल्याच खेप्याला 20 देऊन मोकळे व्हा.