जीबीएसच्या पेशंटचा केअर प्लॅन कसा तपासावा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे पेशंट एकदम वाढले. एरवी नर्सिंगच्या मुलींना हा आजार पुस्तकातच भेटतो. त्या महिन्यांत पुण्यातल्या बऱ्याच वॉर्डांत तो बेडवर दिसला. केअर प्लॅन तपासायला शिकायचं असेल तर या आजारासारखं दुसरं उदाहरण नाही. इथे डोळ्यांना दिसणारी अडचण एक असते आणि जिवावर बेतणारी दुसरीच. विद्यार्थिनी पहिलीवरच थांबली की दुसरीपर्यंत पोहोचली, हे तिचा कागद लगेच सांगतो.

समजावण्यासाठी एक पेशंट मांडते. वय ३४, वजन ६० किलो. दोन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले होते. चार दिवसांपासून पायांतली ताकद जातेय, कालपासून हातही जड झालेत. पायांची पॉवर २/५, हातांची ३/५. आयव्हीआयजीचा दुसरा दिवस. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने लिहिलेल्या डायग्नोसिसचा क्रम असा: इम्पेअर्ड फिजिकल मोबिलिटी, सेल्फ केअर डेफिसिट, अँग्झायटी, रिस्क फॉर इम्पेअर्ड स्किन इंटेग्रिटी आणि सगळ्यात शेवटी रिस्क फॉर इनइफेक्टिव्ह ब्रीदिंग पॅटर्न.

आधी बेडपाशी जा, मग कागद उघडा

प्लॅन हातात घेऊन ड्युटी रूममध्ये बसलात तर अक्षर, रकाने आणि भाषा तपासून होईल, पेशंट राहून जाईल. म्हणून आधी पाच-दहा मिनिटं पेशंटजवळ घालवा आणि फाइल चाळा. मग प्लॅनमधला असेसमेंटचा रकाना वाचा. फाइलमध्ये किंवा पेशंटमध्ये आहे, पण रकान्यात नाही, असं काय काय सापडतं ते पेन्सिलने बाजूला लिहा. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ याच यादीत असतं.

आपल्या उदाहरणात विद्यार्थिनीने लिहिलंय: 'एसपीओटू ९७ टक्के, श्वसन मिनिटाला २२, ब्रीदिंग नॉर्मल.' फाइलमध्ये रेसिडेंट डॉक्टरांनी एका श्वासात किती आकडे मोजता येतात त्याची नोंद ठेवलीये. काल रात्री ८ ला २८, आज पहाटे २ ला २४, सकाळी ८ ला २१. निरोगी माणूस साधारण पन्नासपर्यंत मोजतो. एसपीओटू तिन्ही वेळा ९७ च होतं. जीबीएसमध्ये श्वासाचे स्नायू थकत जातात तरी ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ टिकून राहतो आणि घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. बारा तासांत २८ वरून २१ ही या पेशंटची सगळ्यात महत्त्वाची माहिती, आणि प्लॅनमध्ये तिचा मागमूस नाही.

आणखी एक गोष्ट बेडपाशीच कळते. पेशंटला उशीवरून डोकं उचलून धरायला सांगा. या पेशंटचं डोकं दोन सेकंदांत खाली येतं. मानेचे स्नायू कमजोर झाले की श्वासाचे स्नायूही त्याच वाटेवर असण्याची शक्यता बरीच असते.

क्रम लावताना 'रिस्क' शब्दाला फसू नका

विद्यार्थिनींना पक्कं बसलेलं असतं की प्रत्यक्ष असलेला प्रॉब्लेम वर आणि 'रिस्क फॉर' खाली. बऱ्याच पेशंटमध्ये ते जमूनही जातं, इथे जमत नाही. प्रत्येक डायग्नोसिसवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारा: पुढचे सहा तास याकडे कुणी बघितलंच नाही, तर काय होईल? हालचालीकडे सहा तास दुर्लक्ष झालं तर पेशंट अवघडेल, पाठ लाल होईल. श्वासाकडे सहा तास दुर्लक्ष झालं तर त्याला घाईघाईत इंट्युबेट करावं लागेल, किंवा तेवढीही संधी मिळणार नाही. त्यामुळे पाचव्या क्रमांकावरचा श्वास पहिल्यावर यायला हवा. तोही नुसता 'रिस्क' म्हणून नको. आकडे उतरताना दिसताहेत, तेव्हा पुरावा देऊन प्रत्यक्ष प्रॉब्लेम म्हणून लिहायला सांगा.

दुसऱ्या क्रमांकाचा प्रॉब्लेम या यादीत नाहीच. पेशंटची बायको त्याला वरणाचं पाणी भरवत होती, दर दोन घोटांनंतर त्याला ठसका लागत होता आणि आवाज ओलसर, घोगरा येत होता. गिळण्याचे स्नायूही कमजोर होताहेत. असेसमेंटमध्ये 'तोंडाने आहार घेतो' एवढंच लिहिलंय. रिस्क फॉर अॅस्पिरेशन हे डायग्नोसिस श्वासाच्या लगोलग हवं. तिसरी जागा अस्थिर बीपी आणि नाडीची. झोपून बीपी १५८/९६, बसवल्यावर १०४/६६, नाडी ११२. जीबीएस ऑटोनॉमिक नर्व्ह्जनाही धरतो, म्हणून हे चढउतार. हालचाल, त्वचा, स्वतःची कामं या तिन्हींच्या खाली. अँग्झायटी यादीत राहू द्या, ती खरी आहे. पण श्वास कमी पडणारा माणूसही घाबराघुबरा दिसतो, तेव्हा आधी मोजणी घेऊन मगच अँग्झायटी लिहायची, हे विद्यार्थिनीला आवर्जून सांगा.

गोल मोजता येतो, पण गाठता येतो का?

विद्यार्थिनीचा पहिला गोल होता, 'पेशंटची हालचाल सुधारेल.' यात आकडा नाही, वेळ नाही, हे कुणीही सांगेल. तसा शेरा दिला की ती दुसऱ्या दिवशी लिहून आणते, 'तीन दिवसांत पायांची पॉवर ४/५ होईल.' आता आकडा आहे, मुदतही आहे, आणि गोल पूर्ण चुकीचा आहे. जीबीएसमध्ये अशक्तपणा बहुतेकांचा दोन आठवड्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांपर्यंत वाढत जातो. आयव्हीआयजी सुरू केल्याने तो दुसऱ्या दिवशी उलटा फिरत नाही. चौथ्या दिवशी सुधारणेचा गोल लिहिणं म्हणजे आजाराची चाल समजली नाही. म्हणून गोल तपासताना आकड्याआधी हे पाहा, की पेशंट आजाराच्या कुठल्या टप्प्यावर आहे. वाढत्या टप्प्यात गोल दोनच प्रकारचे असतात: बिघाड वेळेत पकडणं, आणि टाळता येण्याजोगं नुकसान टाळणं.

हालचालीचा गोल मग असा होईल: 'पुढचे ७२ तास घोटे आणि मनगटं पूर्ण कोनात हलत राहतील, टाचांवर व माकडहाडावर दाबल्यावरही न जाणारी लाली दिसणार नाही.' हे मोजता येतं, आणि नर्सच्या हातातही आहे.

श्वासाचा गोल जरा अवघड. 'मोजणी २० च्या वर राहील' असं लिहिलं तर ते राखणं नर्सच्या हातात नाही, आजाराच्या हातात आहे. अशा डॉक्टरांसोबत सांभाळायच्या प्रॉब्लेममध्ये नर्सची जबाबदारी काय ते लिहायला सांगा: 'मोजणी २० च्या खाली गेल्यास, मान धरता न आल्यास किंवा बोलताना वाक्य तुटू लागल्यास पाच मिनिटांत रेसिडेंटला कळवलेलं असेल.' नेमका आकडा युनिटच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा. स्पायरोमेट्री उपलब्ध असेल तर व्हायटल कपॅसिटी किलोमागे २० मिलीच्या खाली जाणं ही धोक्याची रेघ मानतात. या पेशंटसाठी ती १२०० मिली होते.

सुटलेली इंटरव्हेन्शन शोधताना

प्रत्येक गोलखाली जा आणि स्वतःला विचारा, फक्त एवढंच केलं तर हा गोल साधेल का? विद्यार्थिनीने श्वासाखाली लिहिलंय: 'व्हायटल्स मॉनिटर करणे, प्रॉप्ड-अप पोझिशन देणे, ऑर्डरप्रमाणे ऑक्सिजन देणे.' यात मोजणी नाही, किती वेळाने ते नाही, काय दिसल्यावर कुणाला हाक मारायची ते नाही. शिवाय व्हायटल्स चारचार तासांनी म्हटलं तर तिच्या ८ ते २ च्या ड्युटीत दोनदाच होतील. आकडा उतरत असताना दोन तासांनी मोजणी हवी, आणि ती दुपारच्या सिस्टरांच्या हँडओव्हरमध्ये तिन्ही जुन्या आकड्यांसकट गेली पाहिजे. विद्यार्थिनींचे प्लॅन दोन वाजता संपतात, पेशंटचा श्वास संध्याकाळीही उतरत असतो.

मोजणी कशी घ्यायची तेही प्लॅनमध्ये हवं, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. पेशंट दर वेळी त्याच कोनात बसलेला, खोल श्वास, मग नेहमीच्या आवाजात सेकंदाला साधारण दोन आकडे. आणि भाषा दर वेळी तीच. सकाळी मराठीत आणि दुपारी इंग्रजीत मोजलं तर वीसच्या आसपासचे उच्चार लांबी बदलतात आणि आकडा फसवतो. बेडशेजारी सक्शन चालू स्थितीत आहे ना, इंट्युबेशनची ट्रॉली कुठे आहे, हेही इंटरव्हेन्शनच.

मग उलटा शोध घ्या: लिहिलेल्या इंटरव्हेन्शनपैकी एखादं दुसऱ्या प्रॉब्लेमला इजा करतंय का? इथे दोन सापडतात. सेल्फ केअरखाली 'पातळ, प्रथिनयुक्त आहार वरचेवर देणे' लिहिलंय. ठसका लागणाऱ्या पेशंटला पातळ पदार्थच सगळ्यात जास्त त्रास देतात. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही नको, आणि हे बायकोला समजावून सांगणं हे लिहून ठेवायचं काम आहे. मोबिलिटीखाली 'बेडच्या कडेला बसवून व्यायाम' आहे. बसवल्यावर बीपी १०४ वर येणाऱ्या पेशंटला आधी बीपी बघून, टप्प्याटप्प्याने, दोघींनी धरून बसवायचं. दमेपर्यंत व्यायाम तर अजिबात नाही.

'आयव्हीआयजी ऑर्डरप्रमाणे देणे' ही ओळही अपुरी. रोज किलोमागे ०.४ ग्रॅम म्हणजे या पेशंटला २४ ग्रॅम, पाच दिवस. सुरुवात हळू, पहिला तास दर १५ मिनिटांनी व्हायटल्स, थंडी, डोकेदुखी, पुरळ यावर लक्ष, आणि लघवीचं माप. वेदनेचा तर प्लॅनमध्ये उल्लेखच नाही, आणि जीबीएसच्या पुष्कळ पेशंटना रात्री पाठ व पाय असह्य दुखतात. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. पोटरीतल्या गुठळ्या टाळण्याचे उपाय, लघवी अडलीये का, पोट साफ झालं का, हे लगेच भरून घेता येतं.

शेरा असा लिहा की ती पुन्हा बेडपाशी जाईल

'गोल मेजरेबल नाही' असा शेरा देऊन उपयोग होत नाही, ती फक्त वाक्य बदलते. त्याऐवजी लिहा: 'सकाळी ८ ची मोजणी किती होती? तू आता घे आणि मला सांग.' एका प्लॅनवर दोन-तीनच शेरे द्या, जिवाशी संबंधित सगळ्यात वर. धोक्याची गोष्ट सापडली, उदाहरणार्थ उतरणारी मोजणी किंवा भरवणं, तर शेऱ्याची वाट न बघता आधी वॉर्ड सिस्टर आणि रेसिडेंटना सांगा. वही नंतर.

दुसऱ्या दिवशी इव्हॅल्युएशनचा रकाना उघडा. तिथे 'गोल अंशतः साध्य' एवढंच असेल तर वही परत द्या. तिथे असं काही हवं: 'दुपारी १२ ला मोजणी १९, १२.०३ ला रेसिडेंटना कळवले, १ वाजता आयसीयूत हलवले.' आणि त्याखाली, आता बदललेल्या पेशंटसाठी, नव्याने लावलेला क्रम.