महिनाअखेर नियंत्रण खाती बंद करण्यापूर्वी: छोट्या कारखान्यातील एकात्मिक नोंदींची तयारी

एकात्मिक पद्धतीत आर्थिक हिशेबासाठी एक खातेवही आणि परिव्ययासाठी दुसरी, असा प्रकार नसतो. प्रत्येक व्यवहार एकदाच नोंदला जातो, त्यामुळे वर्षाअखेर दोन नफ्यांचा मेळ घालण्याचे कामही उरत नाही. मात्र नोंद सुरुवातीलाच चुकली, तर ती पकडणारी दुसरी वहीही नसते. म्हणून महिना बंद करण्यापूर्वी पुढील तयारी करावी. उदाहरणासाठी सुट्या कामांच्या मागण्या घेणारा एक कारखाना मानला आहे आणि तासांचा दर सोडून सर्व आकडे हजार रुपयांत आहेत.

सर्वप्रथम खात्यांची यादी पाहावी. सामग्री, मजुरी, उत्पादन उपरिव्यय, चालू काम आणि तयार माल ही पाच नियंत्रण खाती उघडलेली असावीत, आणि ‘खरेदी’ नावाचे वेगळे खाते शिल्लक राहिलेले नसावे. जुन्या सवयीने कोणी कच्च्या मालाचे बिल खरेदी खात्याला लावले, तर तो माल सामग्री खात्यात येतच नाही आणि पुढे दिलेला माल हातातल्या मालापेक्षा जास्त दिसू लागतो. सामग्री नियंत्रण खात्याची बाकी जमेची निघाली, तर शोध येथूनच सुरू करावा.

सामग्रीसाठी आवक-पावत्या, मालमागणीच्या चिठ्ठ्या, परत आलेल्या मालाच्या चिठ्ठ्या आणि प्रत्यक्ष मोजणीचा तक्ता एकत्र ठेवावा. आरंभीची शिल्लक 60 आहे आणि उधार खरेदी 240 ची झाली, असे समजू. खरेदीची नोंद करताना सामग्री नियंत्रण खाते नावे आणि धनको जमा करावेत. कामांना थेट दिलेल्या 210 च्या मालासाठी चालू काम खाते नावे करावे. वंगण, पुसण्याचे कापड, किरकोळ हत्यारे अशा 18 च्या अप्रत्यक्ष मालासाठी उपरिव्यय खाते नावे करावे. आणि दोन्ही रकमा सामग्री खात्याला जमा कराव्यात. कामावरून परत आलेल्या 6 च्या मालासाठी याच्या उलट नोंद करावी. पुस्तकी शिल्लक 78 निघते. मोजणीत 75 चाच माल सापडला, म्हणजे 3 ची तूट आहे. या तुटीचे कारण भांडारपालाकडून लेखी घ्यावे, कारण नोंद त्यावरच ठरते: कापणी-मापणीत नेहमी होणारी 2 ची घट उपरिव्ययात जाईल, तर छप्पर गळून खराब झालेल्या 1 च्या मालाचा भार कोणत्याही कामावर न टाकता तो नफातोटा खात्याला लावावा लागेल.

मजुरीच्या बाबतीत वेतनपत्रकातील एकूण रक्कम घ्यावी, हातात दिलेली निव्वळ रक्कम नव्हे. आपल्या उदाहरणात एकूण मजुरी 120, कपाती 16 आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम 104 आहे. मजुरी नियंत्रण खाते 120 ने नावे होते, बँक 104 ने आणि देय कपाती 16 ने जमा होतात. ही चूक ओळखणे सोपे आहे, कारण केवळ 104 नोंदून पुढे 120 ची वाटणी केली, तर मजुरी खात्यात बरोबर कपातीएवढी जमा बाकी लटकत राहते. वाटणीसाठी वेतनपत्रकाशेजारी कामपत्रिका आणि वेळपत्रिका ठेवाव्यात. त्यांवरून 92 थेट मजुरी म्हणून चालू कामाला, 25 देखरेख, साफसफाई आणि नेहमीच्या थांब्यांसाठी उपरिव्ययाला, आणि मोठे यंत्र बंद पडल्यामुळे वाया गेलेल्या वेळेचे 3 नफातोट्याला गेले. जादा कामाचा वाढीव दर कामाचा एकूण बोजा वाढल्यामुळे द्यावा लागला असेल, तर तो उपरिव्ययात घालावा. एखाद्या ग्राहकाने घाई केल्यामुळे द्यावा लागला असेल, तर त्याच कामाच्या पत्रिकेवर चढवावा. हा निर्णय पर्यवेक्षकाने महिना चालू असतानाच लिहून ठेवलेला बरा, नंतर आठवणीवर विसंबणे धोक्याचे असते.

उपरिव्यय नियंत्रण खाते सर्वांत जास्त वेळ घेते, आणि घ्यावाही. त्याच्या नावे बाजूला अप्रत्यक्ष माल 18, अप्रत्यक्ष मजुरी 25, नेहमीची तूट 2, वीज, भाडे व दुरुस्ती यांचे 41 आणि घसारा 12 असे 98 जमले. घसाऱ्याची नोंद करताना जमा बाजूला घसारा तरतूद येते, रोख नव्हे, म्हणून ही नोंद सहज राहून जाते. वीजबिल अजून आले नसेल, तर मीटरवाचनावरून देय रक्कम धरावी. चालू कामावर मात्र प्रत्यक्ष खर्च चढवायचा नसतो, तर वर्षारंभी ठरवलेल्या दराने वसुली करायची असते. वर्षाचा अंदाजित उपरिव्यय 1,200 आणि अंदाजित यंत्रतास 24,000 असल्याने दर तासाला 50 रुपये येतो. या महिन्यात 1,900 तास झाले. म्हणून 95 ने चालू काम नावे आणि उपरिव्यय खाते जमा करावे. खात्यात 3 ची कमी वसुली उरते.

ही 3 ची रक्कम नफातोट्याला नेण्यापूर्वी ती फोडून पाहावी. महिन्याचा अंदाज 2,000 तास आणि 100 चा खर्च असा होता. यंत्र बंद पडल्याने 100 तास कमी झाले, म्हणून 5 ची वसुली बुडाली. खर्च मात्र अंदाजापेक्षा 2 ने कमी झाला. केवळ 3 हा आकडा पाहणाऱ्याला खर्च हाताबाहेर गेला असे वाटू शकते, पण तो उलट आटोक्यात आहे आणि गोंधळ यंत्रापाशी आहे. खर्च हंगामाप्रमाणे वरखाली होत असेल, तर मधल्या महिन्यांतील फरक पुढे ओढून वर्षाअखेरच नफातोट्याला न्यावा.

चालू काम खात्यात आरंभीचे 40, निव्वळ सामग्री 204, मजुरी 92 आणि उपरिव्यय 95 मिळून 431 होतात. पूर्ण झालेल्या कामांचे 385 तयार माल खात्याकडे वळवल्यावर 46 उरतात. येथे अपूर्ण कामांच्या पत्रिकांची बेरीज हाताने करावी, खात्यातली बाकी पाहून नव्हे. समजा ती 52 आली. 6 चा फरक म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम. चिठ्ठी भांडाराच्या वहीत चढली, पण कामपत्रिकेवर वजा झाली नाही. फरकाएवढ्याच रकमेचा कागद आधी शोधावा, बहुतेक वेळा तोच सापडतो.

तयार मालाची नोंद सरळ आहे: विकलेल्या मालाचा परिव्यय नावे आणि तयार माल खाते जमा. तिथे विक्रीची किंमत शिरलेली नाही, एवढेच पाहावे.

तेरीज जुळली की थांबू नये. 18 चा अप्रत्यक्ष माल चुकून चालू कामाला लागला, तरी तेरीज जुळतेच. उपरिव्यय खात्यात मात्र 98 ऐवजी 80 दिसतात आणि 15 ची जास्त वसुली निघते. इतकी मोठी जास्त वसुली अचानक दिसली, तर कोणताही फरक नफातोट्याला नेण्यापूर्वी मालमागणीच्या चिठ्ठ्यांवरील खाते-क्रमांक पुन्हा एकेक करून वाचावेत.