फलकावर इमोजी चिकटवताय? या चुका टाळा

सुरक्षा फलकाचा मसुदा तपासायला आला आणि त्यात पिवळी वीज किंवा नारिंगी ज्वाळा दिसली, की मी आधी विचारते, हे चित्र कुठून उचललं? उत्तर ठरलेलं असतं: "कीबोर्डवरच होतं की!" तिथेच सगळा घोळ आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इमोजीला चित्र समजणं. इमोजी हे अक्षर आहे. तुम्ही ⚡ टाकता तेव्हा फाइलमध्ये फक्त U+26A1 हा क्रमांक जातो. तो कसा दिसणार ते समोरच्या यंत्रातला फॉन्ट ठरवतो. पिस्तुलाच्या इमोजीचं काय झालं आठवतंय? २०१६ मध्ये ॲपलने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पिस्तुलाऐवजी हिरवी पिचकारी आणली, बाकी बऱ्याच कंपन्यांकडे मात्र तेव्हा पिस्तूलच होतं. पाठवणारा खेळणं पाठवायचा, घेणाऱ्याला हत्यार दिसायचं, आणि क्रमांक मात्र दोन्हीकडे एकच. गप्पांमध्ये हे चालून जातं. धोक्याच्या जागी फलकाचा अर्थ दुसऱ्याच्या फॉन्टवर सोपवणं मला तरी पटत नाही.

पिक्टोग्राम म्हणजे ठरवून दिलेलं चित्रचिन्ह. त्याचं उलट असतं. आयएसओ ७०१० या मानकात विजेच्या धोक्याचं चिन्ह W012 या क्रमांकाने नोंदलेलं आहे: पिवळा त्रिकोण, काळी किनार, आत खाली टोक असलेला वाकडातिकडा काळा बाण. त्यात बाणाइतकाच त्रिकोण महत्त्वाचा. पिवळा त्रिकोण इशारा देतो, तिरकी रेघ असलेलं लाल वर्तुळ मनाई करतं, निळं वर्तुळ एखादी गोष्ट सक्तीची करतं आणि हिरवा चौकोन सुटकेची वाट दाखवतो. लांबून आतलं चित्र ओळखू आलं नाही तरी आकार आणि रंगावरून माणूस सावध होतो. सुट्या इमोजीला ही चौकटच नसते.

आता किस्सा. एका कारखान्यात घाईघाईने विजेच्या पॅनलवर लेबलं लावली होती: पॅनलचा नंबर आणि शेजारी मोठी ⚡. पहिली खेप लेबल प्रिंटरवर निघाली. तो प्रिंटर फक्त काळं छापायचा, त्यामुळे पिवळ्या विजेचे फिके राखाडी ठिपके झाले. मग कुणीतरी रंगीत छापून आणली. वीज छान झळकायला लागली, आणि एक नवा कामगार हातात चार्जर घेऊन पॅनलची कडी उघडायला लागला. "सॉकेट आत आहे ना?" त्याचं काय चुकलं? बॅटरी चार्ज होताना फोनवर विजेचंच चिन्ह दिसतं. अक्षरांना हे क्रमांक देणाऱ्या युनिकोड मानकात ⚡ ची नोंद उच्च दाबाचं चिन्ह म्हणूनच आहे, पण लोक ते चार्जिंग, वेग, जोश अशा कशालाही वापरतात. इमोजीचा अर्थ वापरणारे रोज बदलतात आणि त्यांना तसं करायची मुभा आहे. फलकाला ती नाही. तिथे मी W012 चा तयार फलक लावायला लावला आणि खाली ठळक अक्षरांत "विजेचा धोका. उघडू नका." लिहून घेतलं.

"मोठं करून छापू" हाही एक लाडका शॉर्टकट. बाहेरून उजेड पडणाऱ्या फलकाची उंची मी साधारण अंतराच्या शंभराव्या हिश्श्याएवढी धरते, म्हणजे २० मीटरवरून दिसायचा तर २० सेंटिमीटर. ॲपलच्या फॉन्टमधलं सर्वात मोठं इमोजी १६० पिक्सेलचं. ते २० सेंटिमीटरवर ताणलं की एकेक पिक्सेल सव्वा मिलिमीटरचा होतो आणि कडा भुरकट दिसतात. रेषांनी बनलेली, म्हणजे व्हेक्टर फाइल घ्या. हवी तेवढी वाढवा.

ॲपमध्येही तेच. इशाऱ्याच्या त्रिकोणाचं नुसतं U+26A0 टाकलं तर कुठे रंगीत त्रिकोण येतो, कुठे बारीक काळी रेघ. मागे U+FE0F हा न दिसणारा क्रमांक जोडला की रंगीत रूप मागता येतं, पण चित्र तरीही त्या यंत्राचंच. मी सरळ आयकॉनची फाइल घालते:

```
<img src="w012.svg" alt="विजेचा धोका">
```

उरलेल्या चुका थोडक्यात. ज्वलनशील मालाच्या कपाटावर 🔥 नको, निम्मे लोक ते "भारी!" म्हणून वाचतात. विषाच्या बाटलीवर 💀 नको. तरुण मुलं ते हसून हसून मेलो या अर्थाने पाठवतात. चेहऱ्यांची इमोजी तर कुठल्याच फलकावर नको, आणि याची कारणं समजावत बसायला मला आता वेळ नाही.

छापायला देण्याआधी मसुद्यातलं चिन्ह माउसने निवडून बघा. अक्षरासारखं मजकुराबरोबर निवडलं जाऊन कॉपी झालं, तर ते बहुधा इमोजी आहे. मी ते तिथेच काढून टाकते.