दहा मिनिटं झाली, इंटरव्ह्यू घेणारा आलाच नाही? रिक्रूटरला मेसेज करताना या चुका टाळा

दुपारी ४:०३ ला माझ्या फोनवर मेसेज आला, "हॅलो मॅम". बस, एवढाच. मी तेव्हा दुसऱ्या एका उमेदवाराशी पगाराचं बोलत होते. स्क्रीनवर वर पट्टी चमकली, म्हटलं बघू नंतर. ४:१२ ला दुसरा मेसेज, "कोणीच जॉइन करत नाहीये". मी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तेव्हा ४:२० झाले होते. कंपनीचे पॅनलवाले पंधरा मिनिटं थांबून निघून गेले होते आणि शेऱ्यात लिहिलं होतं, उमेदवार आला नाही.

घणसोलीची ही मुलगी ३:५५ पासून लॅपटॉपसमोर तयार बसली होती. फक्त वेगळ्या खोलीत.

झालं असं की इंटरव्ह्यू आधी सोमवारी होता. तो मंगळवारवर गेला तेव्हा कंपनीच्या एचआरने जुनं निमंत्रण पुढे सरकवण्याऐवजी नवीनच तयार केलं, म्हणजे गूगल मीटची लिंकही नवी. मेल तिला गेला होता. पण तिने उघडली ती मी सोमवारसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक, जी तिला पटकन सापडली. जुनी लिंक बंद पडत नाही, बिनधास्त उघडते. ती एका रिकाम्या खोलीत, पॅनल दुसऱ्या रिकाम्या खोलीत, आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा उशीर करतोय. चूक माझीही होती, नवी लिंक मी तिथेच पाठवायला हवी होती. पण ४:१० ला तिने नीट मेसेज केला असता तर पाच मिनिटं हातात होती.

"हॅलो मॅम" वर थांबू नका

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्यासारख्या कन्सल्टन्सीत साखळी अशी असते: तुम्ही मला सांगता, मी कंपनीच्या एचआरला, एचआर पॅनलला. पॅनलवाल्याचा नंबर माझ्याकडे नसतो. त्यामुळे तुमचा मेसेज खरं तर मला नसतोच, तो मी जसाच्या तसा पुढे ढकलण्यासाठी असतो. नाव, पद, वेळ मला टाइप करावं लागलं की दोन मिनिटं गेली. त्यात दिवसाला माझे सात-आठ इंटरव्ह्यू लागलेले असतात, नुसत्या "मॅम"वरून कुठला हे कळत नाही.

म्हणून सगळं एकाच मेसेजमध्ये, आणि मुद्दा पहिल्या ओळीत. फोन न उघडता पट्टीवर तेवढंच दिसतं. त्या मुलीने हे पाठवायला हवं होतं:

"४ च्या इंटरव्ह्यूला पॅनल अजून आलेलं नाही. मी (पूर्ण नाव), टेस्टिंग, पहिला राउंड. ३:५५ पासून मीटमध्ये आत आहे, एकटीच. लिंकचा कोड abc-defg-hij. हीच लिंक बरोबर आहे का? मी ४:३० पर्यंत कॉलवरच आहे."

इंग्रजीत लिहायचं तर इंग्रजीत लिहा, क्रम हाच ठेवा. यातला कोड सगळ्यात कामाचा. मीटच्या पत्त्यात शेवटी अशी तीन-चार-तीन अक्षरं असतात. एचआर ती पॅनलच्या कोडशी ताडून बघते आणि गोंधळ अर्ध्या मिनिटात उघडा पडतो. "कोणीच आलं नाही" यात ताडून बघण्यासारखं काहीच नाही, वर सूर तक्रारीचा लागतो.

"वाट बघतोय" म्हणजे नक्की कुठे?

हे उमेदवार हमखास गाळतात. आत जाऊन एकटं बसणं वेगळं आणि बाहेर दारात उभं राहणं वेगळं. मीटमध्ये बटणावर Join now दिसलं तर तुम्ही थेट आत जाता. Ask to join दिसलं तर आतल्या कोणीतरी तुम्हाला घ्यावं लागतं. बऱ्याचदा कारण साधं असतं: निमंत्रण एका जीमेलवर आलेलं आणि ब्राउझरमध्ये भावाचं किंवा ऑफिसचं खातं चालू. शिवाय कोणी उत्तर दिलं नाही तर ती विनंती काही वेळाने आपोआप बाद होते, आणि तुम्ही बाहेरच बसून राहता. टीम्स आणि झूमवरही अशी बाहेरची खोली असते. पॅनलवाला आत बसून बायोडेटा वाचत असतो आणि कोपऱ्यातली सूचना त्याच्या नजरेतून सुटते.

म्हणून मेसेजमध्ये "आत आहे" किंवा "बाहेर थांबवलंय" हे लिहाच. "बाहेर" वाचलं की मी एचआरला एवढंच सांगते, पॅनलला म्हणावं उमेदवाराला आत घ्या. काम तिथेच संपतं.

वेळेचा घोळ

दुसऱ्याच मिनिटाला मेसेज करू नका. पॅनलवाल्याची आधीची मीटिंग लांबलेली असते, तो पाच-सात मिनिटांत येतोच. पण संकोचाने अर्धा तासही बसू नका. दहाव्या मिनिटाला मेसेज, पंधराव्याला उत्तर नसेल तर एक फोन. एकच. उचलला नाही तर मी कोणाशी तरी बोलतेय, पाच मिसकॉलने ते बोलणं लवकर संपत नाही. निमंत्रणात एचआरचा मेल असेल तर हाच मजकूर तिथेही टाका. पॅनलवाल्याला मात्र लिंक्डइनवर शोधून मेसेज करू नका, तो तिथे बघत नसतो आणि बघितलं तर त्याला अवघडल्यासारखं होतं.

ऐरोलीच्या कंपन्यांत अमेरिकेतलं पॅनल असलं की आणखी एक गंमत होते. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६:३०, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की ७:३०. कॅलेंडरमधली वेळ आपोआप बदलते. फोनवर ऐकून वहीत लिहिलेली बदलत नाही. मेसेज करण्याआधी निमंत्रणातली वेळ एकदा वाचा.

कॉल सोडून मेसेज करू नका

मेसेज फोनवरून करा, लॅपटॉपवर कॉल तसाच ठेवा. सारखं बाहेर-आत केलंत तर नेमके बाहेर असताना पॅनल येऊन जातं. माइक बंद ठेवा. एका कळव्याच्या मुलाने आईला सांगितलं, "अगं, या लोकांना वेळेची किंमतच नाही." पॅनलवाला कॅमेरा बंद ठेवून नुकताच आत आला होता. पुढचा अर्धा तास दोघंही फार सभ्यपणे बोलले म्हणे.

साधारण विसाव्या मिनिटाला पूर्ण स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवा. विंडोजवर Win + PrtSc दाबलं की कोपऱ्यातल्या घड्याळासकट निघतो. ४:३० झाले आणि तरी कोणी नाही, तर तो फोटो जोडून निमंत्रणाच्याच मेलला उत्तर द्या: मी ३:५५ ते ४:३० या लिंकवर होते, पुढची वेळ द्यावी, मला बुधवारी ११ नंतर किंवा गुरुवारी ५:३० ला जमेल. "कधीही चालेल" लिहिलंत की चेंडू पुन्हा आमच्याकडे येतो आणि दोन दिवस तिथेच पडतो.

हा मेल का, तर व्हॉट्सअ‍ॅप माझ्यापाशीच राहतं. कंपनीच्या सिस्टीममध्ये तो "आला नाही" शेरा पॅनलने टाकलेला असतो आणि एचआरला तो बदलायला कागद लागतो. घणसोलीच्या मुलीकडे असा फोटो होता, वेळ ४:१८, कोडसकट. तो दाखवल्यावर शेरा निघाला आणि गुरुवारी राउंड झाला. या वेळी लिंक मी व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकली, आणि तिने मला जुनी पुसून टाकायला लावली.