उसाच्या रसाचा पोल काढताना माझा पहिला महिना

बी.एस्सी. केमिस्ट्री संपवून मी खानदेशातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागलो. पोलरीमीटर, म्हणजे द्रावण प्रकाश किती अंश फिरवतं ते मोजणारं यंत्र, कॉलेजात दोनदा हाताळला होता. तिथे १० ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण करायचं, २ डेसिमीटरच्या नळीत भरायचं आणि कोन साधारण १३.३ अंश आला की प्रयोग संपला. कारखान्यात तसं नसतं. तिथे नळीत साखर किती आहे हेच शोधायचं असतं. या मोजणीतून निघणारी साखरेची वजनी टक्केवारी म्हणजे पोल.

सगळा हिशेब एका सूत्रावर चालतो:

c = 100 α / (l × [α])

c म्हणजे १०० मिलीमध्ये किती ग्रॅम साखर, α म्हणजे मोजलेला कोन, l म्हणजे डेसिमीटरमध्ये नळीची लांबी. [α] हे विशिष्ट घूर्णन, म्हणजे तो पदार्थ प्रकाश किती फिरवतो त्याचा ठरलेला आकडा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, २० अंश सेल्सिअसला, सुक्रोजसाठी ते +६६.५ धरतात.

पहिल्या मिलच्या रसाचं एक रीडिंग सांगतो. ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी, १८.० होता. तो शिशाचं क्षार टाकण्याआधीच घ्यायचा, नाहीतर क्षाराचं वजनही साखरेच्या खात्यात जातं. रस गढूळ असतो, त्यातून प्रकाश जात नाही, म्हणून बेसिक लेड ॲसिटेटची चिमूटभर कोरडी पूड टाकून हलवायचं आणि गाळायचं. गाळून आलेला पहिला थोडा रस फेकून द्यायचा. पूड गरजेपुरतीच घ्यावी, कारण जास्त शिसं फ्रुक्टोजचं घूर्णन बदलतं. शिसं विषारी आहे, म्हणून पिपेट तोंडाने ओढायचीच नाही.

सोडियम दिवा दहा मिनिटं तापू दिला. २ डेसिमीटरच्या नळीत डिस्टिल्ड वॉटर भरून शून्य पाहिलं तर +०.२५ आलं. मग त्याच रसाने नळी दोनदा विसळून भरली. बुडबुडा राहिला तर तो नळीच्या फुगीर भागात न्यावा. टोपी फार आवळू नये, काचेवर ताण आला की काचच प्रकाश फिरवते आणि खोटा कोन दिसतो. हे मला आमच्या सिनियर केमिस्ट दादांनी दाखवलं: तीच नळी, टोपी सैल केली आणि आकडा खाली आला.

डोळ्यासमोरचे दोन्ही अर्धे सारखेच अंधुक दिसतात ती जागा शोधायची. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून तिथे यायचं, आणि पाच रीडिंगची सरासरी घ्यायची. माझी सरासरी २१.०० आली. शून्य वजा केलं तर २०.७५. सूत्रात घातल्यावर १०० मिलीमध्ये १५.६ ग्रॅम. रसाची घनता १.०७४, म्हणून पोल १४.५३ टक्के. त्याला ब्रिक्सने, म्हणजे १८ ने, भागून शंभरने गुणलं की प्युरिटी, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांतला साखरेचा वाटा, ८०.७ टक्के.

आता माझी चूक सांगतो. एका दिवशी सकाळी ९ वाजता घेतलेली बाटली टेबलावर तशीच राहिली आणि मी दुपारी २ वाजता वाचली. मार्च महिना होता, तापी खोऱ्यातली ऊन-झळ बाहेर चढलेली. सकाळचा ब्रिक्स १८ होता, दुपारीही जवळजवळ तोच. कोन मात्र शून्य वजा करून १९.०० आला आणि प्युरिटी ७४ च्या खाली घसरली. मला वाटलं ऊसच खराब आला. दादांनी फक्त विचारलं, "भाऊ, रस केव्हाचा?"

रसातल्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन झालं होतं. दोघांचं मिश्रण प्रकाश डावीकडे फिरवतं, साधारण −२०. म्हणजे एक ग्रॅम सुक्रोज गेलं की उजवीकडचा कोन तर घटतोच, वर डावीकडचा ओढाही लागतो. २ डेसिमीटरच्या नळीत दर एक ग्रॅमला (१०० मिलीमागे) सुमारे पावणेदोन अंश. ताज्या रसाच्या २०.७५ शी माझा फरक बरोबर १.७५ होता. सूत्र सांगत होतं १.३ ग्रॅम साखर गेली, प्रत्यक्षात गेली होती एक ग्रॅमच्या आसपास. पोलरीमीटर साखर मोजत नाही, तो द्रावणातल्या सगळ्या प्रकाश फिरवणाऱ्या पदार्थांची बेरीज मोजतो. उलटंही होतं: शिळ्या, कापून पडलेल्या उसात जंतूंनी डेक्स्ट्रान तयार केलं तर ते उजवीकडे जोरात फिरवतं, आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून प्युरिटीचा आकडा एकटा चांगला आला तरी मी ऊस तोडून किती तास झाले ते विचारतो.

शंका आली तर दुहेरी पोलरायझेशन करतात. आधी एक रीडिंग, मग नमुन्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून ठरलेल्या तापमानाला पूर्ण विघटन, थंड करून दुसरं रीडिंग. दोन्हींतला फरक सुक्रोजमुळेच येतो, म्हणून त्यावरून खरं सुक्रोज निघतं. तापमान काटेकोर ठेवावं लागतं, कारण विघटित साखरेचं घूर्णन उष्णतेने बरंच बदलतं. सुक्रोजचं त्यामानाने फारच कमी.

त्या दुपारी मी रस फेकला, मिलवरून ताजा आणला, गाळला आणि वाचला. २०.६ आला. तेव्हापासून माझ्या बाटलीवर वेळ लिहिलेली असते, आणि रस आल्यावर अर्ध्या तासात नळीत जातो.