ज्युनिअर खेळाडूची बॅट आणि चेंडू: या चुका टाळा

बॅट 'नियमात बसते' म्हणजे ती मुलासाठी योग्य आहे, असं समजू नका. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या 2017 च्या नियमावलीने बॅटच्या फक्त कमाल मर्यादा दिल्या आहेत: लांबी 96.52 सेमी, पात्याची रुंदी 10.8, जाडी 6.7 आणि कडा 4 सेमी. किमान मर्यादा नाहीच. म्हणून बारा वर्षांच्या मुलाच्या हातातली मोठ्यांची बॅट पूर्णपणे कायदेशीर असते, आणि तरीही त्याचा खेळ बिघडवते. साइज 5, साइज 6, त्याहून मोठी हॅरो ही मापं तर उत्पादकांची आहेत, नियमांची नाहीत. एकाची 6 नंबर दुसऱ्याच्या हॅरोइतकी भरू शकते, म्हणून लेबल बघू नका, बॅट मोजा.

लांबी बघायला मुलाला बूट घालून सरळ उभं करा आणि बॅटचा टो, म्हणजे पात्याचं खालचं टोक, पावलाशेजारी टेकवा. मुठीचं टोक साधारण मांडीच्या वरच्या टोकाशी यावं. ते कमरेच्या वर गेलं, तर बॅट लांब आहे. मग फक्त वरच्या हाताने बॅट उचलून खांद्याकडे न्यायला सांगा. मनगट वाकडं झालं किंवा कोपर अंगाला चिकटलं, तर ती जड आहे. बहुतेक पालक हेच विसरतात आणि 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून एक साइज मोठी घेतात. मुलगा मग खालच्या हाताने बॅट ओढू लागतो आणि सरळ फटका मिडविकेटकडे जातो. लांब बॅटचा दांडा वरून कापून घेण्यातही फायदा नाही, पात्याचं वजन तेवढंच राहतं.

चिकटपट्टीचे थरावर थर मात्र खरंच नियमाबाहेर नेऊ शकतात. पात्यावरच्या आवरणाला फक्त 0.1 सेमी जाडीची मुभा आहे.

चेंडूत गोंधळ जास्त होतो. पुरुषांचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅम आणि परिघ 22.4 ते 22.9 सेमी असतो. तेरा वर्षांखालच्यांचा 133 ते 144 ग्रॅम, परिघ 20.5 ते 22 सेमी. सराव जड चेंडूवर आणि सामना हलक्यावर झाला, तर बॉलरचा टप्पा चुकतो. चेंडूवरचा शिक्का पुसला असेल, तर त्याच्याभोवती दोरा गुंडाळून परिघ मोजा, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. समजा 21.6 सेमी भरला. महिलांच्या चेंडूचा परिघ 21 ते 22.5 सेमी असतो, म्हणजे दोन्ही शक्यता उरतात. आता वजन करा, कारण त्यांचा चेंडू 140 ते 151 ग्रॅमचा असतो. 148 ग्रॅम आलं, तर तो महिलांचा. 136 आलं, तर ज्युनिअर. 142 आलं, तर दोन्ही वर्गांत बसतो, बिनधास्त वापरा. वजन कोरड्या चेंडूचंच करा, ओला चेंडू पाणी शोषून जड झालेला असतो.